डेंग्यूची बिलं, लॉग आणि गॅमा: सरासरी खर्च काढताना चूक कुठे शिरते

पावसाळा सरता सरता नागपुरातल्या दवाखान्यांत डेंग्यूची भरती वाढते. वॉर्डात तेव्हा दोन तऱ्हेचे पेशंट दिसतात. एक शहरातलेच, ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या म्हणून थेट आलेले. दुसरे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया किंवा तिकडे छिंदवाडा-बालाघाटकडून रेफर होऊन आलेले. थेट आलेल्यांचा मुक्काम बहुतेक ठरल्यासारखा असतो: तीन-चार दिवस सलाईन, रोज रक्ताची तपासणी, प्लेटलेट चढू लागल्या की सुट्टी. त्यांची बिलं एकमेकांच्या आसपास राहतात. रेफर झालेल्यांचं तसं नसतं. काहींना तिथल्या डॉक्टरांनी जोखीम नको म्हणून पुढे पाठवलेलं असतं. ते इथे दीड-दोन दिवस देखरेखीखाली राहून घरी जातात. काही मात्र बीपी पडलेल्या अवस्थेत येतात, थेट आयसीयूत जातात, आणि त्यांचं बिल वाढतच जातं.

या वॉर्डाचे आकडे घेऊन कुणी थिसिस लिहायला बसलं, की प्रश्न ठरलेला: रेफर होऊन आलेल्या पेशंटचा खर्च थेट आलेल्यापेक्षा जास्त असतो का, आणि असला तर किती? आणि पद्धतही ठरलेली: बिलांचा लॉग घ्यायचा, त्यावर साधं रिग्रेशन चालवायचं, म्हणजे ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स. या लेखात मला दाखवायचं आहे, की ही पद्धत अशा आकड्यांवर नुसतं कमी-जास्त उत्तर देत नाही, ती उलटं उत्तर देऊ शकते. आणि लॉग लिंक घेतलेलं गॅमा रिग्रेशन तिथे का टिकतं, हेही.

लॉग घ्यायची वेळ का येते

दवाखान्याची बिलं शून्याखाली जात नाहीत, पण वर जायला त्यांना मर्यादा नसते. बहुतेक बिलं खालच्या बाजूला दाटीने असतात आणि थोडी खूप मोठी असतात. आलेख काढला तर उजवीकडे लांब शेपूट दिसते. अशा आकड्यांवर थेट रुपयांत साधं रिग्रेशन लावलं, तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे मोठी बिलं सगळी रेषा आपल्याकडे ओढतात, कारण या पद्धतीत अंदाजातल्या प्रत्येक चुकीचा वर्ग मोजला जातो आणि लाखभराच्या चुकीचा वर्ग हजारभराच्या चुकीच्या दहा हजार पट असतो. दुसरी अडचण अशी, की दवाखान्यातल्या गोष्टी खर्चात ठरावीक रुपये मिळवत नाहीत, त्या खर्चाला गुणतात. आयसीयू लागलं की बिल ‘अमुक हजारांनी’ वाढतं म्हणण्यापेक्षा ‘इतक्या पटीने’ वाढतं, हे म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून असतं.

लॉग घेतला की दोन्ही अडचणी सुटल्यासारख्या वाटतात. शेपूट आखडते, गुणाकाराची बेरीज होते, आलेख घंटेसारखा दिसू लागतो. म्हणून ही सवय लागली आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण लॉग घेताना प्रश्न बदलतो, आणि तो बदल कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.

दहा पेशंट

हिशोब हाताने करता यावा म्हणून मी दहा पेशंटचे आकडे बनवले आहेत. ते कुठल्या दवाखान्याचे नाहीत, पण त्यांची घडण वर सांगितलेल्या वॉर्डासारखी आहे. सगळे आकडे हजार रुपयांत आहेत.

थेट आलेले पाच: ४०, ५०, ५०, ५०, ६२.५.
रेफर झालेले पाच: १०, २०, ४०, ८०, १६०.

आधी साधी सरासरी काढू. थेट आलेल्यांची बेरीज २५२.५, म्हणजे सरासरी ५०.५ हजार. रेफर झालेल्यांची बेरीज ३१०, म्हणजे सरासरी ६२ हजार. रेफर झालेला पेशंट सरासरीने सुमारे २३ टक्के महाग.

आता लॉगच्या वाटेने जाऊ. लॉगची सरासरी काढून ती परत रुपयांत आणली, की जे मिळतं त्याला भूमितीय मध्य म्हणतात: पाच आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं पाचवं मूळ घ्यायचं. थेट आलेल्यांचा भूमितीय मध्य येतो बरोबर ५०, रेफर झालेल्यांचा बरोबर ४०. म्हणजे लॉगवरचं रिग्रेशन सांगतं, की रेफर झालेला पेशंट २० टक्के स्वस्त!

आकडे तेच, पेशंट तेच. एक पद्धत म्हणते २३ टक्के महाग, दुसरी म्हणते २० टक्के स्वस्त. गणितात कुठेही चूक नाही. दोन्ही पद्धती आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत आहेत. प्रश्न मात्र वेगळे आहेत.

दवाखान्यात हे दोन्ही प्रश्न रोज विचारले जातात. काउंटरवर उभा असलेला नातेवाईक विचारतो, “अंदाजे किती पैसे लागतीन जी?” त्याला आपल्या पेशंटसारख्या एका साधारण पेशंटचं बिल जाणून घ्यायचं आहे. त्याच्यासाठी ४० हजार हे वाजवी उत्तर आहे. आपल्या उदाहरणात रेफर झालेल्यांच्या बिलांचा मध्यकही ४०च आहे. वरच्या मजल्यावर हिशोब बघणारा माणूस वेगळंच विचारतो: यंदाच्या सीझनमध्ये असे १०० पेशंट आले तर किती पैशांची तयारी ठेवायची? त्याचं उत्तर १०० गुणिले साधी सरासरी, म्हणजे ६२ लाख. त्याने लॉगच्या रिग्रेशनवर विसंबून ४० लाखांची तरतूद केली, तर २२ लाख कमी पडतील. खर्चाच्या अभ्यासात, विम्याच्या हप्त्यात, योजनेचे पॅकेज दर ठरवण्यात जवळपास नेहमी हा दुसरा प्रश्न असतो, कारण एकूण पैसा साध्या सरासरीवरूनच निघतो. भूमितीय मध्याला पेशंटच्या संख्येने गुणून काहीच मिळत नाही.

लॉगला नेमकं काय ऐकू येतं, हे एका बदलाने पाहू. रेफर झालेल्यांमधलं सर्वांत लहान बिल १०चं ५ करा आणि सर्वांत मोठं १६०चं ३२० करा. एका ठिकाणी पाच हजार वाचले, दुसऱ्या ठिकाणी एक लाख साठ हजार जास्त गेले. भूमितीय मध्य तरीही ४०च राहतो, कणभरही हलत नाही, कारण लॉगच्या हिशोबात अर्धं होणं आणि दुप्पट होणं एकमेकांना पूर्ण फेडतात. साधी सरासरी मात्र ६२ची ९३ होते. पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा आकडा खरा आहे.

परत रुपयांत आणण्याची अडचण

इथे जाणकार म्हणतील, की लॉगवरून परत येताना दुरुस्ती करायची असते, हे सर्वांना ठाऊक आहे. बरोबर आहे, आणि ती दुरुस्ती चांगली शोधली गेली आहे. १९८३ मध्ये नायहुआ दुआन यांनी स्मिअरिंग नावाची पद्धत मांडली. ती अशी: प्रत्येक पेशंटचं खरं बिल भागिले लॉग-मॉडेलने सांगितलेलं बिल, हे गुणोत्तर काढायचं. त्या सगळ्या गुणोत्तरांची सरासरी घ्यायची. तिने मॉडेलच्या प्रत्येक अंदाजाला गुणायचं. लॉगच्या चुका घंटेच्या आकाराच्या असल्याच पाहिजेत, अशी अट यात लागत नाही, हे तिचं वैशिष्ट्य.

आपल्या दहा पेशंटवर ती करून पाहू. थेट आलेल्यांची गुणोत्तरं, म्हणजे बिल भागिले ५०: ०.८, १, १, १, १.२५. रेफर झालेल्यांची, म्हणजे बिल भागिले ४०: ०.२५, ०.५, १, २, ४. दहाही गुणोत्तरांची बेरीज १२.८, सरासरी १.२८. आता अंदाज दुरुस्त करू: थेट आलेले ५० × १.२८ = ६४ हजार, रेफर झालेले ४० × १.२८ = ५१.२ हजार. खरी सरासरी होती ५०.५ आणि ६२. दुरुस्तीनंतर पहिला गट खऱ्यापेक्षा बराच वर गेला, दुसरा खालीच राहिला, आणि ‘रेफर झालेला २० टक्के स्वस्त’ हा निष्कर्ष जसाच्या तसा उरला. तो बदलणारच नव्हता. दोन्ही अंदाजांना एकाच आकड्याने गुणल्यावर त्यांचं गुणोत्तर तेच राहतं.

असं का झालं? थेट आलेल्यांची बिलं एकवटलेली आहेत, रेफर झालेल्यांची पांगलेली आहेत. पांगलेल्या गटात भूमितीय मध्य आणि साधी सरासरी यांच्यातली दरी मोठी असते, एकवटलेल्या गटात ती जवळपास नसते. दोघांना एकच दुरुस्ती लावली की दोघांवरही अन्याय होतो. प्रत्येक गटाची दुरुस्ती वेगळी काढली, तर पहिल्याची १.०१ आणि दुसऱ्याची १.५५ येते, आणि अंदाज ५०.५ आणि ६२ असे बरोबर जुळतात. मग तसंच का करू नये? दोनच गट असतील तर खुशाल करावं. पण खऱ्या अभ्यासात वय असतं, भरतीच्या वेळच्या प्लेटलेट असतात, मधुमेह आहे की नाही हे असतं, दवाखान्यात पोहोचायला लागलेला वेळ असतो. बिलांचं पांगणं यातल्या कशावरही अवलंबून असू शकतं. वयाच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळी दुरुस्ती कशी काढणार? मग पांगण्याचंच एक वेगळं मॉडेल बांधावं लागतं, आणि ते चुकलं तर सरासरीही चुकते.

विलार्ड मॅनिंग यांनी १९९८ मध्ये आरोग्य-अर्थशास्त्रात नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली: लॉगवरच्या मॉडेलमध्ये चुकांचं पांगणं सगळीकडे सारखं नसेल, तर रुपयांतला निष्कर्ष बिघडतो. साध्या रिग्रेशनच्या पुस्तकात आपण शिकतो, की पांगणं असमान असलं तरी अंदाज बरोबरच राहतात, फक्त स्टँडर्ड एरर बिघडते. लॉगच्या पट्टीवर ते खरंच आहे. रुपयांत परतल्यावर ते खरं राहत नाही. हा फरक मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा समजावतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो.

गॅमा वेगळं काय करतं

१९७२ मध्ये नेल्डर आणि वेडरबर्न यांनी जनरलाइज्ड लिनिअर मॉडेलची कल्पना मांडली. तिच्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की बिलांना हात न लावता सरासरीचा लॉग घेता येतो. लॉगवरचं साधं रिग्रेशन आधी प्रत्येक बिलाचा लॉग घेतं आणि मग त्या लॉगांची सरासरी काढतं. लॉग लिंकचं मॉडेल आधी सरासरी धरतं आणि मग त्या सरासरीचा लॉग वय, रेफर वगैरे गोष्टींशी जोडतं. गुणाकाराचा फायदा तसाच मिळतो. गुणांक e च्या घातांकात घातला की ‘इतक्या पट’ असं वाचता येतं. पण परत येण्याचा प्रवासच करावा लागत नाही, कारण आपण रुपयांच्या सरासरीवरून हललोच नव्हतो.

आता यात गॅमा कुठे आली? प्रत्येक पेशंटच्या बिलाला किती वजन द्यायचं, हे ती ठरवते. गॅमा मानते, की सरासरी जशी वाढते तसं पांगणंही त्याच प्रमाणात वाढतं: सरासरी बिल २० हजारांचं असलेल्या गटात जर दहा-दहा हजारांचा फरक सहज पडत असेल, तर सरासरी एक लाख असलेल्या गटात पन्नास-पन्नास हजारांचा पडेल. म्हणून ती रुपयांतली चूक बघत नाही, अंदाजाच्या तुलनेतली चूक बघते. मॉडेल जुळवताना ती प्रत्येक पेशंटसाठी ‘खरं बिल वजा अंदाज, भागिले अंदाज’ हा आकडा काढते आणि त्यांची बेरीज शून्य होईल अशी रेषा शोधते. वय किंवा प्लेटलेट असतील, तर त्यांनी गुणून केलेली बेरीजही शून्य व्हावी लागते.

आपल्या उदाहरणात एका गटातल्या सगळ्यांचा अंदाज एकच असतो. त्यामुळे ही बेरीज शून्य व्हायची, तर अंदाज त्या गटाच्या साध्या सरासरीइतकाच असावा लागतो, दुसरा पर्यायच नाही. म्हणून गॅमा ५०.५ आणि ६२ हेच देणार. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लगेच करून बघता येतं:

```r
kharch <- c(40, 50, 50, 50, 62.5, 10, 20, 40, 80, 160)
refer  <- rep(c(0, 1), each = 5)
m1 <- lm(log(kharch) ~ refer)
m2 <- glm(kharch ~ refer, family = Gamma(link = "log"))
exp(coef(m1))   # 50.0  0.80
exp(coef(m2))   # 50.5  1.23
```

`link = "log"` हे लिहायला विसरू नका. आरमध्ये नुसतं `Gamma` लिहिलं तर लॉगऐवजी व्यस्त लिंक लागते, म्हणजे सरासरीचा व्यस्तांक मॉडेलमध्ये जातो. तसं केलं तर `refer` चा गुणांक -०.००३७ येईल. खर्च जास्त असलेल्या गटाचा गुणांक ऋण दिसतो, आणि घाईत असलेला माणूस त्याचा अर्थ ‘स्वस्त’ असा लावून मोकळा होतो. तसंच `predict(m2)` एवढंच लिहिलं तर ३.९२ आणि ४.१३ असे लॉगमधले आकडे मिळतात. रुपये हवे असतील तर `type = "response"` द्यावं लागतं.

गॅमाचंही गृहीतक चुकतं, पण नुकसान कुठे होतं ते बघा

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. आपल्या दहा पेशंटना गॅमाचं गृहीतक तरी लागू पडतं का? अजिबात नाही. थेट आलेल्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ८ हजार, म्हणजे सरासरीच्या १६ टक्के. रेफर झालेल्यांचं ६१ हजार, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ १०० टक्के. पांगणं सरासरीच्या प्रमाणात असेल, असं गॅमा धरून चालली होती. इथे ते प्रमाण दोन गटांत सहा पटींनी वेगळं आहे. तरीसुद्धा सरासरीचे अंदाज रुपयाला रुपया बरोबर आले.

पांगण्याबद्दलचं गृहीतक दोन्ही पद्धतींत चुकलं. लॉगच्या पद्धतीत ती चूक दुरुस्तीच्या आकड्यातून थेट सरासरीत शिरली आणि निष्कर्ष उलटा झाला. गॅमाच्या पद्धतीत ती सरासरीपर्यंत पोहोचली नाही, स्टँडर्ड एररमध्ये अडकली. उदाहरणार्थ, थेट आलेल्या गटाच्या लॉग-सरासरीची स्टँडर्ड एरर `summary(m2)` मध्ये ०.३१ च्या आसपास दिसेल, कारण गॅमा दोन्ही गटांना सारखंच पांगलेलं समजते. एकवटलेल्या गटासाठी हा आकडा फारच मोठा आहे. यावर उपाय सोपा आहे. पांगण्याबद्दल काही न मानणारी रोबस्ट स्टँडर्ड एरर घ्यायची:

```r
library(sandwich)
library(lmtest)
coeftest(m2, vcov = vcovHC(m2, type = "HC1"))
```

आता तीच स्टँडर्ड एरर ०.०७ येते. दोन गटांतल्या फरकाची मात्र ०.४५ च्या आसपास राहते, म्हणजे ‘१.२३ पट’ या उत्तराभोवतीची ९५ टक्क्यांची कक्षा साधारण अर्ध्या पटीपासून जवळपास तीन पटीपर्यंत पसरते. पाच-पाच पेशंटवरून याहून जास्त काही म्हणता येत नाही, आणि मॉडेल ते स्पष्ट सांगतं. पेशंट वाढले की ही कक्षा आवळते. लॉगच्या पद्धतीत पेशंट कितीही वाढवले तरी चुकीच्या दिशेचं उत्तर फक्त जास्त ठाम होत जातं.

यावरून आणखी एक गैरसमज दूर होतो. बिलं ‘गॅमा वितरण पाळतात का’ हे तपासण्यात अनेकांचा वेळ जातो. पॅकेजच्या दरांमुळे खऱ्या बिलांत ठरावीक रकमांवर ढीग पडलेले असतात, त्यामुळे ती कुठलंच नावाजलेलं वितरण काटेकोर पाळत नाहीत. सरासरीच्या अंदाजासाठी त्याची गरजही नसते. सरासरी आणि वय, रेफर वगैरे यांचं नातं बरोबर मांडलेलं असलं पाहिजे, एवढीच मुख्य अट.

लॉग कधी बरा

गॅमा नेहमीच सरस, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मॅनिंग आणि जॉन मुलाही यांनी २००१ मध्ये दोन्ही पद्धतींची बाजू नीट तपासली. लॉग घेतल्यावर चुका सगळीकडे सारख्याच पांगलेल्या असतील, तर लॉगवरचं रिग्रेशन आणि वर स्मिअरिंगची दुरुस्ती हे बरोबर उत्तर देतं, आणि बऱ्याचदा जास्त नेमकं देतं. विशेषतः लॉग घेऊनही शेपूट लांबच राहत असेल, तर गॅमाचे अंदाज एका नमुन्यापासून दुसऱ्या नमुन्यापर्यंत खूप हेलकावतात.

हे आपण मघाच पाहिलं आहे. १० चे ५ आणि १६० चे ३२० केले तेव्हा लॉगचं उत्तर ०.८० पटच राहिलं होतं. गॅमाचं उत्तर त्याच वेळी १.२३ वरून १.८४ पटीवर उडी मारतं, आणि ही उडी मुख्यतः एका पेशंटमुळे आहे. तो पेशंट खरा असेल, त्याचे तीन लाख वीस हजार खरोखर गेले असतील, तर सरासरीने हललंच पाहिजे. पण तीस-चाळीस पेशंटच्या थिसिसमध्ये असा एकच पेशंट असेल, तर पुढच्या वर्षी तसे किती येतील हे त्या आकड्यांतून कळत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, की सर्वांत मोठी दोन-तीन बिलं काढून मॉडेल पुन्हा चालवा आणि गुणांक किती हलला ते लिहा. ती बिलं निकालातून गाळायची नाहीत, फक्त त्यांच्यावर किती भार आहे ते वाचणाऱ्याला दाखवायचं. शक्य असेल तर त्या केसपेपरवर एकदा नजर टाका. एखादं शून्य जास्त टाइप झालेलं असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि लॉग घेतल्यावर अशी चूक सहज लपून जाते.

दोन्हींतून निवडायचं कसं? आधी लॉगवरचं रिग्रेशन चालवा आणि त्याच्या चुकांचे वर्ग वय, रेफर, प्लेटलेट या सगळ्यांसमोर मांडून बघा. कुठेही चढ-उतार दिसला नाही, तर लॉग आणि स्मिअरिंग चालेल. दिसला, तर गॅमाकडे वळा. मग गॅमाचं वजन योग्य आहे का, हे बघण्यासाठी पार्क टेस्टचं सुधारित रूप वापरतात: प्रत्येक पेशंटच्या रुपयांतल्या चुकीचा वर्ग घ्यायचा, आणि तो अंदाजाच्या लॉगबरोबर कसा वाढतो ते लॉग लिंकच्याच मॉडेलने मोजायचं. उतार २ च्या जवळ आला तर गॅमा योग्य, १ च्या जवळ आला तर पॉइसनसारखं वजन जास्त नेमकं ठरेल, ३ कडे गेला तर इन्व्हर्स गाउसियन. आपल्या दहा पेशंटवर ही टेस्ट निरर्थक आहे. दोनच वेगवेगळे अंदाज असताना उतार काहीही येऊ शकतो. काही शेकडा पेशंट आणि निदान एखादी वयासारखी सलग बदलणारी गोष्ट हाताशी असेल, तेव्हाच ती करावी.

शून्य रुपये

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. दवाखान्याचा एकूण खर्च न मोजता पेशंटच्या खिशातून किती गेले हे मोजलं, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅशलेस उपचार झालेल्यांपैकी अनेकांसमोर शून्य लिहावं लागतं. शून्याचा लॉग निघत नाही, आणि गॅमाही शून्य स्वीकारत नाही. आर तिथेच थांबतो.

मग सगळ्यांच्या खर्चात एक रुपया मिळवून लॉग घेण्याचा मार्ग काढला जातो. तो टाळावा. एक रुपया मिळवला तर शून्याचा लॉग ० होतो आणि पन्नास हजारांचा सुमारे १०.८. शंभर रुपये मिळवले तर शून्याचा लॉग ४.६ होतो आणि पन्नास हजारांचा पुन्हा १०.८च. दोन पेशंटमधलं अंतर १०.८ वरून ६.२ वर आलं, आणि कारण काय, तर आपण कुठला आकडा मिळवायचं ठरवलं ते. त्या निवडीवर योजनेचा परिणाम मोठा किंवा लहान दिसणार असेल, तर तो निष्कर्ष कुणाच्याच उपयोगाचा नाही.

बरोबर मार्ग दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात खिशातून काही गेलं की नाही, एवढंच लॉजिस्टिक रिग्रेशनने बघायचं. दुसऱ्या टप्प्यात ज्यांचे गेले फक्त त्यांच्यावर गॅमा चालवायची. मग प्रत्येक पेशंटसाठी पहिल्या टप्प्यातली शक्यता आणि दुसऱ्यातली सरासरी यांचा गुणाकार करायचा. समजा एका गटात ४० टक्के लोकांच्या खिशातून पैसे गेले आणि त्यांची सरासरी १५ हजार आहे, तर त्या गटाचा माणशी खर्च ६ हजार. थिसिसमध्ये तिन्ही आकडे लिहावेत. योजनेमुळे पैसे भरणारेच कमी झाले, की भरणाऱ्यांची रक्कम कमी झाली, हे एकट्या ६ हजारांवरून कळत नाही.

मॉडेल कुठलंही निवडा, शेवटी एक तपासणी अशी आहे जी हिशोब बघणाऱ्या माणसालाही समजते. सगळ्या पेशंटना अंदाजाच्या क्रमाने लावा, स्वस्त ते महाग, आणि त्यांचे दहा समान गट करा. प्रत्येक गटात अंदाजांची बेरीज आणि खऱ्या बिलांची बेरीज शेजारी-शेजारी लिहा. गॅमामध्ये एकूण बेरीज रुपयाला रुपया जुळेलच असं नसतं, कारण ती टक्क्यांतली चूक शून्य करते. पण दहाही गटांत ती जवळपास असायला हवी. महाग टोकाच्या गटांत अंदाज सतत जास्त किंवा सतत कमी येत असेल, तर सरासरीशी जोडलेलं नातं चुकीचं मांडलं गेलं आहे. बऱ्याचदा वयाचा परिणाम सरळ नसतो, किंवा रेफर झालेल्यांमध्ये प्लेटलेटचा परिणाम वेगळा असतो. तेव्हा वयाचा वर्ग किंवा रेफर आणि प्लेटलेटचा गुणाकार मॉडेलमध्ये घालून हेच दहा गट पुन्हा मांडून बघा.